जकातीचा हिशोब कसा मांडायचा आणि ती कुणाला देता येते?

बेळगाव : मराठीत जकात म्हटलं की जुन्या लोकांना आधी नाका आठवतो. नगरपालिकेचा तो कर कधीच इतिहासजमा झाला. शब्द मात्र एकाच अरबी मुळातून आलेला. इस्लाममधली जकात ही ठरावीक मालमत्ता असलेल्या मुसलमानाने वर्षातून एकदा, ठरावीक हिशोबाने गरिबांना द्यायची रक्कम आहे. नमाज-रोज्याप्रमाणे ती सक्तीची आहे. रमजानमध्ये बरेच जण ती काढतात, पण रमजानचीच अट नाही. ईदच्या नमाजाआधी माणशी दिला जाणारा फितरा वेगळा आणि शेतमालावरचा उश्र वेगळा. इथे फक्त पैसा, सोनं-चांदी आणि धंद्याच्या मालावरची जकात पाहू.

देशावर आणि उत्तर कर्नाटकात बहुतेक मुसलमान हनफी पद्धत मानतात, तर कोकणी मुसलमान आणि भटकळचे नवायत शाफई. खालचा हिशोब हनफी पद्धतीचा आहे. शाफईंचा फरक जिथे मोठा पडतो, तिथे तो सांगितला आहे.

निसाब : हिशोबाची रेषा

किमान किती मालमत्ता असली की जकात लागू होते, त्या मर्यादेला निसाब म्हणतात. सोन्याचा निसाब साडेसात तोळे आणि चांदीचा साडेबावन्न तोळे, हे बहुतेकांना पाठ असतं. पण गफलत इथेच होते. हे तोळे जुने, म्हणजे ११.६६४ ग्रॅमचे आहेत. आज सराफकट्ट्यावर तोळा म्हणजे १० ग्रॅम. त्यामुळे सोन्याचा निसाब ७५ ग्रॅम नसून ८७.४८ ग्रॅम होतो आणि चांदीचा ५२५ नसून ६१२.३६ ग्रॅम. हिशोब ग्रॅममध्येच करावा, म्हणजे घोळ होत नाही.

दुसरा प्रश्न असा, की यातला कुठला निसाब धरायचा? सुरुवातीच्या काळात २० दिनार सोनं आणि २०० दिरहम चांदी यांची किंमत साधारण सारखी होती. आज चांदी सोन्याच्या मानाने फार स्वस्त आहे. समजण्यापुरता सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये आणि चांदीचा १०० रुपये धरू. मग सोन्याचा निसाब ८,७४,८०० रुपये होतो आणि चांदीचा फक्त ६१,२३६ रुपये. (प्रत्यक्षात आपल्या हिशोबाच्या दिवशीचा भाव घ्यायचा.) हनफी पद्धतीत एखाद्याकडे फक्त सोनंच असेल, रोकड, चांदी किंवा धंद्याचा माल काहीच नसेल, तरच सोन्याचा निसाब लागतो. सोन्यासोबत थोडीशी रोकड असली तरी दोन्हींची किंमत एकत्र करून चांदीच्या निसाबाशी ताडून पाहतात. चांदी इतकी उतरल्यामुळे अशा वेळी सोन्याचाच निसाब धरावा, असं म्हणणारे अभ्यासकही आहेत. पण आपल्याकडे सर्रास चांदीचा धरला जातो.

वर्ष कुठलं धरायचं?

ज्या दिवशी मालमत्ता पहिल्यांदा निसाबाइतकी झाली, ती चांद्र तारीख आपली. पुढच्या वर्षी त्याच तारखेला पुन्हा मोजायचं. मधल्या काळात रक्कम निसाबाखाली गेली तरी चालतं, पूर्ण संपली मात्र नसावी. आणि मध्ये आलेल्या प्रत्येक पगाराचं किंवा नफ्याचं वेगळं वर्ष मोजायची गरज नाही. त्या तारखेला हातात जे आहे ते सगळं धरायचं.

दुकानदार मंडळी सोयीसाठी ३१ मार्चला वही बंद करतात आणि त्यावरच जकात काढतात. इस्लामी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणजे इंग्रजी वर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान. असं ३३ वर्षं केलं तर एका पूर्ण वर्षाची जकात बुडते. म्हणून जे इंग्रजी वर्षच धरतात, त्यांच्यासाठी अडीच टक्क्यांऐवजी २.५७७ टक्के हा दर सांगितला जातो.

एक हिशोब मांडून पाहू

समजा, बेळगावातला एक कापड दुकानदार आहे. त्याची तारीख १ रमजान. त्या दिवशी त्याच्याकडे काय आहे?

- दुकानात आणि घरात रोकड : ४०,००० रुपये
- बँकेत : १,६०,००० रुपये
- दुकानातला माल, आजच्या विक्रीभावाने : ९,००,००० रुपये
- खात्रीची उधारी येणे : १,२०,००० रुपये
- न उचललेल्या भिशीत भरलेले : ६०,००० रुपये

एकूण झाले १२,८०,००० रुपये. दुकानाचा गाळा, कपाटं, शिलाई मशीन, दुचाकी, राहतं घर यातलं काहीच धरायचं नाही. जे विकण्यासाठी आहे ते धरायचं, जे वापरण्यासाठी आहे ते सोडायचं. त्यामुळे राहायला बांधलेलं घर हिशोबाबाहेर राहतं, पण विकून नफा काढायचा म्हणून घेतलेला प्लॉट पूर्ण बाजारभावाने आत येतो.

ताळेबंद करणाऱ्यांची सवय इथे आड येते. ताळेबंदात शिल्लक माल खरेदीच्या किंवा बाजाराच्या, जो कमी असेल त्या भावाने दाखवतात. जकातीत तसं नाही. या दुकानदाराचा माल आठ लाखांना आला असला, तरी आज तो विकून नऊ लाख येणार असतील तर नऊच धरायचे. बुडीत उधारी मात्र धरायची नाही. बँकेच्या रकमेत व्याज जमा असेल तर तेही बाजूला काढायचं. ते आपलं नव्हेच, म्हणून त्याची जकात होत नाही. ते सगळंच्या सगळं पुण्याची अपेक्षा न ठेवता गरिबांना देऊन टाकायचं असतं.

आता देणी वजा करू. सुरतच्या व्यापाऱ्याचे ३,२०,००० रुपये, नोकरांचा थकलेला पगार २०,००० रुपये. शिवाय गाळ्यासाठी काढलेलं सहा लाखांचं कर्ज. सगळे सहा लाख वजा केले तर मोठ्या कर्जदाराला कधीच जकात लागायची नाही. म्हणून अनेक मुफ्ती पुढच्या वर्षभराचे हप्तेच वजा करायला सांगतात. महिन्याला मुद्दलाचे १०,००० धरले तर १,२०,००० रुपये. एकूण देणी ४,६०,००० रुपये. भिशी आधीच उचलली असती, तर उरलेले हप्तेही देण्यातच आले असते.

१२,८०,००० मधून ४,६०,००० गेले, उरले ८,२०,०००. निसाबाच्या वर आहेत, तेव्हा यावर अडीच टक्के, म्हणजे चाळिसावा हिस्सा : २०,५०० रुपये. ३१ मार्चची वही धरली असती तर सुमारे ६३० रुपये जास्त झाले असते. शाफई पद्धतीत देणी वजा होत नाहीत, असंच मत जास्त प्रचलित आहे. त्या हिशोबाने आकडा बराच वाढेल.

बायकोचं सोनं

वरच्या यादीत दागिने नाहीत, हे लक्षात आलं असेल. कारण जकात कुटुंबाची नसते, माणसाची असते. बायकोच्या मालकीचं सोनं तिच्या हिशोबात येतं. समजा तिच्याकडे ४० ग्रॅम सोनं आणि १०,००० रुपये आहेत. नुसतं सोनं ८७.४८ ग्रॅमपेक्षा कमी आहे, पण सोबत रोकड असल्याने ४,१०,००० रुपये चांदीच्या निसाबाशी ताडायचे. जकात झाली १०,२५० रुपये. दागिन्यातल्या सोन्याच्या वजनाचाच भाव धरायचा, खडे आणि घडणावळ सोडायची. तिच्या हातात तेवढी रोकड नसते, हे घराघरातलं वास्तव. नवरा तिच्या संमतीने भरू शकतो, किंवा तिला वर्षभर आगाऊ हप्त्याने देता येतं. शाफई पद्धतीत बाईच्या नेहमीच्या वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही. म्हणूनच रत्नागिरीकडची सून बेळगावात आली की या मुद्द्यावर घरात दोन मतं पडतात.

घेणारे कोण?

कुराणाच्या नवव्या सूरेतल्या ६०व्या आयतीत आठ प्रकारचे लोक सांगितले आहेत : फकीर, मिस्कीन म्हणजे अगदीच निर्धन, जकात गोळा करणारे, ज्यांची मनं जोडायची आहेत ते, गुलामीतून सुटू पाहणारे, कर्जात बुडालेले, अल्लाहच्या मार्गात असलेले आणि वाटेत अडकलेला प्रवासी. आपल्याकडे व्यवहारात गरीब आणि कर्जबाजारी यांनाच बहुतेक जकात जाते.

आईवडील, आजी-आजोबा, मुलं, नातवंडं आणि नवरा-बायको यांना जकात देता येत नाही. भाऊ, बहीण, काका, मावशी, सासू-सासरे गरजू असतील तर देता येते, आणि नात्यातल्याला देणं अधिक चांगलं मानतात. सय्यद घराण्यातल्यांना देत नाहीत. बिगरमुस्लिम गरिबाला जकात नाही, पण सदका म्हणजे ऐच्छिक दान जरूर देता येतं. हनफी मतानुसार घेणाऱ्याला रकमेचा मालक करावं लागतं. म्हणून मशिदीचं बांधकाम, रस्ता, बोअरवेल यात जकात चालत नाही.

आता खरी अडचण. निसाबाची रेषा देणारा ठरवते, तशीच घेणाराही ठरवते. समजा, धुणीभांडी करणारी एक विधवा आहे. तिच्याकडे ८ ग्रॅमचं मंगळसूत्र (इथल्या भाषेत लच्छा) आणि ३,००० रुपये. किंमत ८३,००० रुपये, म्हणजे चांदीच्या निसाबाच्या वर. कागदावर ती घेणारी नाही, उलट तिच्यावरच २,०७५ रुपये जकात बसते. पण तिला विचारलं तर कळतं, की आजारपणासाठी घेतलेले ३०,००० रुपये फेडायचे आहेत. ते वजा केले तर ५३,००० उरतात आणि ती घेण्यास पात्र ठरते. म्हणून देण्याआधी सोनं किती एवढंच विचारू नये, कर्जही विचारावं. शाफई पद्धतीत तर गरीब ठरवायला निसाब नव्हे, तर मिळकत गरजेला पुरते की नाही हे पाहतात.

उलट बाजूही आहे. एखाद्याकडे रोकड नाही, पण गरजेपेक्षा जास्तीचा एक रिकामा प्लॉट पडून आहे आणि त्याची किंमत निसाबाच्या वर आहे. तो प्लॉट विक्रीसाठी घेतलेला नसल्याने त्याच्यावर जकात नाही, पण हनफी मताने त्याला जकात घेताही येत नाही.

देताना होणारी चूक

एखाद्याकडे आपले दहा हजार अडकलेत, तो गरीब आहे, तर ‘तेच जकातीत सोडले’ म्हटलं की झालं, असं अनेकांना वाटतं. त्याने जकात उतरत नाही. आधी जकातीचे दहा हजार त्याच्या हातात द्यायचे, मग त्याने त्यातून आपलं कर्ज फेडलं तर चालतं. देताना किंवा रक्कम बाजूला काढताना मनात जकातीची नियत हवी. घेणाऱ्याला ‘ही जकात आहे’ असं सांगायची मात्र गरज नाही. ईदी म्हणून किंवा मुलांच्या फीसाठी म्हणून हातात ठेवली तरी ती पोहोचते, आणि घेणाऱ्याची मानही खाली जात नाही.