पिंजऱ्यातला कोल्हा आणि प्लास्टरमधला पाय

१८४७ साली युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने कोल्ह्यांच्या मांसाची तपासणी केली. काही कोल्हे शिकारीत जिवाच्या आकांताने धावून मारले गेलेले होते. एक कोल्हा मात्र गीसन शहरात पिंजऱ्यात पाळलेला होता आणि त्याला खायला मांसच मिळत होतं. लीबिगने दोन्हींच्या स्नायूंतून क्रिएटिन वेगळं काढलं. धावून मेलेल्या कोल्ह्यांत ते पाळलेल्या कोल्ह्याच्या दहापट आहे, असं त्याने लिहून ठेवलं.

हा आकडा अक्षरशः घेऊ नका. आजच्या मोजमापात एवढा प्रचंड फरक दिसत नाही. त्यातून लीबिगला पडलेला प्रश्न मात्र अजून जिवंत आहे. पोटात क्रिएटिन जातंय, पण स्नायू हलतच नाहीये, तर त्या क्रिएटिनचा काय उपयोग?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्या विशी-पंचविशीतल्या मुलांकडून मला हा प्रश्न जवळजवळ दर आठवड्याला ऐकू येतो, फक्त शब्द वेगळे असतात. बाईकवरून पडून पाय मोडलेला असतो, सहा आठवड्यांचं प्लास्टर असतं आणि जिमच्या कपाटात पांढऱ्या भुकटीचा डबा अर्धा भरलेला असतो. “हे चालू ठेवलं तर मांडी बारीक होणार नाही ना?” या प्रश्नाचं उत्तर शोधणाऱ्या प्रयोगांचा इतिहास रंजक आहे आणि तो सरळ रेषेत जात नाही.

आधी क्रिएटिन म्हणजे काय ते पाहू. मांसाच्या अर्कातून ते पहिल्यांदा वेगळं केलं १८३२ साली, शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने. नावही मांसासाठीच्या ग्रीक शब्दावरून आलं. पण ते स्नायूत करतं काय, हे कळायला आणखी पंचाण्णव वर्षं लागली. १९२७ साली हार्वर्डमध्ये सायरस फिस्के आणि आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्नायूत फॉस्फेट जोडलेलं क्रिएटिन शोधून काढलं. (त्याच वर्षी इंग्लंडमधल्या एगल्टन दांपत्यालाही ते सापडलं.) हे फॉस्फोक्रिएटिन म्हणजे स्नायूच्या खिशातले सुटे पैसे. एकदम जोर लावायचा असतो तेव्हा पहिले काही सेकंद त्यावर निभतात. मग श्वास, साखर, चरबी ही सावकाश चालणारी व्यवस्था कामाला लागते.

शरीर थोडं क्रिएटिन स्वतः बनवतं, बाकीचं मांस-मासळीतून येतं. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्या घरातल्या माणसाच्या स्नायूंत साठा सहसा कमी असतो, आणि भुकटी घेतली की त्याचाच साठा जास्त वाढतो.

बाहेरून घेतलेलं क्रिएटिन खरोखर स्नायूत शिरतं, हे नीट दाखवलं १९९२ साली रॉजर हॅरिस, कारिन सॉडरलुंड आणि एरिक हुल्टमन यांनी. मांडीत जाड सुई घालून स्नायूचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढायचा आणि त्यातलं क्रिएटिन मोजायचं, अशी त्यांची पद्धत. माणसांना पाच-पाच ग्रॅम, दिवसातून चार ते सहा वेळा, काही दिवस दिलं. या शोधनिबंधातला एक छोटा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. काही जणांना त्यांनी रोज तासभर एकाच पायाने सायकल मारायला लावली. पोट एक, रक्त एक, भुकटी एक, फक्त एक पाय राबतोय आणि दुसरा बसून आहे. सुरुवातीला साठा सरासरी ११८ होता (एकक सोडून देऊ, प्रमाण बघा). बसलेल्या पायात तो १४८ झाला आणि राबलेल्या पायात १६२.

म्हणजे लीबिगच्या कोल्ह्यांचा प्रश्न एकाच माणसाच्या दोन पायांत येऊन बसला. बसलेल्या पायातही क्रिएटिन शिरतं, पण राबलेला पाय जास्त ओढून घेतो.

त्याच वर्षी बार्सिलोनाचं ऑलिम्पिक झालं. काही ब्रिटिश खेळाडू क्रिएटिन घेतात अशा बातम्या आल्या आणि भुकटी प्रयोगशाळेतून दुकानात पोचली. पुढची आठ-नऊ वर्षं बरंचसं संशोधन धडधाकट, व्यायाम करणाऱ्या माणसांवर चाललं. मग बेल्जियममधल्या लुव्हेन विद्यापीठात पीटर हेस्पेल यांच्या गटाने उलटी बाजू तपासली.

हा प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. बावीस निरोगी तरुण-तरुणी घेतल्या. कुणाचंही हाड मोडलेलं नव्हतं, तरी सगळ्यांच्या उजव्या पायाला दोन आठवडे प्लास्टर घातलं. (विज्ञानासाठी माणसं काय काय कबूल करतात!) अर्ध्यांना क्रिएटिन, अर्ध्यांना दिसायला तशीच पण निरुपयोगी भुकटी, आणि कुणाला काय मिळतंय हे ना त्यांना ठाऊक, ना मोजणाऱ्यांना. प्लास्टरच्या काळात क्रिएटिनचा डोस रोज वीस ग्रॅम होता. प्लास्टर काढल्यावर दहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, गुडघा सरळ करण्याचा जोरदार व्यायाम. या काळात डोस हळूहळू पाच ग्रॅमपर्यंत उतरवला.

दोन आठवड्यांनी प्लास्टर कापलं तेव्हा मांडीच्या पुढच्या स्नायूची जाडी सुमारे दहा टक्क्यांनी घटलेली होती. गुडघा सरळ करण्याची ताकद सुमारे पंचवीस टक्के गेली होती. हे दोन्ही गटांत झालं. रोज वीस ग्रॅम खाऊनही झीज थांबली नाही. ताकद जाडीपेक्षा कितीतरी जास्त पडली हेही लक्षात ठेवा. स्नायू फक्त बारीक होत नाही, त्याला हुकूम देणाऱ्या नसांची सवयही मोडते.

पण गोष्ट इथून पुढे फिरली. व्यायामाच्या दहा आठवड्यांत क्रिएटिन घेणाऱ्यांची जाडी आणि ताकद दुसऱ्या गटापेक्षा लवकर परत आली. स्नायूची बांधणी चालू करणाऱ्या एका प्रथिनाचं प्रमाणही त्यांच्यात जास्त वाढलेलं दिसलं. शोधनिबंधाच्या शीर्षकातही संशोधकांनी झीज रोखण्याचा दावा केलेला नाही, पुनर्वसनाला मदत होते एवढंच म्हटलं आहे. भुकटीच्या जाहिरातींत हा निबंध मात्र भलत्याच अर्थाने फिरतो.

आठ वर्षांनी, २००९ मध्ये, कॅनडातून याच्या उलट बातमी आली. सात तरुण मुलगे, पायाऐवजी हात. दंडापासून प्लास्टर, एक आठवडा खोटी भुकटी. मग एक आठवडा मोकळा हात. मग पुन्हा एक आठवडा प्लास्टर, या वेळी रोज वीस ग्रॅम क्रिएटिन. खोट्या भुकटीच्या आठवड्यात कोपर वाकवण्याची ताकद एकवीस टक्क्यांहून जास्त पडली, क्रिएटिनच्या आठवड्यात जेमतेम चार टक्के. हाताचं मांस खोट्या भुकटीवर सुमारे पावणेचार टक्के घटलं, क्रिएटिनवर किंचित वाढलं. आकडे पाहून कुणीही डबा उघडायला धावेल.

मी असे आकडे पाहिले की आधी प्रयोगाची घडण बघते. सात जण फारच थोडे. सगळ्यांचा क्रम एकच होता, आधी खोटी भुकटी आणि नंतर क्रिएटिन. क्रिएटिन स्नायूतून उतरायला आठवडे लागतात, म्हणून क्रम उलटा करणं शक्य नव्हतं. पण त्यामुळे दुसऱ्या खेपेला मुलांना प्लास्टरची आणि ताकद मोजणाऱ्या यंत्राची सवय झालेली असणार. शिवाय क्रिएटिन स्नायूत पाणी ओढतं, आणि शरीराचं मांस मोजणाऱ्या क्ष-किरण यंत्राला ते पाणी मांसच वाटतं. ताकदीतला फरक पाण्याने समजावता येत नाही हे कबूल. म्हणून हा प्रयोग मी टाकून देत नाही, पण त्यावर रुग्णाला वचनही देत नाही.

मग २०१७ मध्ये नेदरलँड्समधून मोठा आणि जास्त काटेकोर प्रयोग आला. तीस निरोगी तरुण. प्लास्टर घालायच्या आधी पाच दिवस रोज वीस ग्रॅम देऊन क्रिएटिन गटाचे स्नायू भरून घेतले, म्हणजे “बसलेला पाय ओढून घेत नाही” ही पळवाटच बंद. सुईने तुकडे काढून साठा वाढल्याची खात्रीही केली. मग सात दिवस पायाला प्लास्टर आणि रोज पाच ग्रॅम. निकाल असा की मांडीची जाडी आणि ताकद दोन्ही गटांत सारखीच घटली.

कारण काय असावं? प्लास्टरमध्ये निरोगी माणसाचा स्नायू झिजतो तो मुख्यतः नवं प्रथिन बांधण्याचं काम मंदावल्यामुळे. ते काम चालू ठेवणारी खूण म्हणजे ताण. सुट्या पैशांनी खिसा भरलेला आहे, पण बाजारच बंद आहे. प्लास्टर निघाल्यावर बाजार उघडतो. तेव्हा भरलेल्या खिशाचा माणूस प्रत्येक फेरीत दोन-तीन वेळा जास्त गुडघा उचलतो, आणि दहा आठवड्यांत त्याची बेरीज मोठी होते. लुव्हेनच्या निकालाचा मी लावलेला अर्थ हा असा आहे.

हे सगळे प्रयोग न मोडलेल्या हातापायांवर झाले, ही यातली मोठी मर्यादा. खऱ्या दुखापतीत वेदना असते, सूज असते, शस्त्रक्रिया असते. गुडघ्याचा लिगामेंट नवा बसवलेल्या साठ रुग्णांवर २००४ साली एक चाचणी प्रसिद्ध झाली. बारा आठवडे क्रिएटिन दिल्यावर ताकदीत काही फरक दिसला नाही. दुखरा, सुजलेला गुडघा मेंदू पूर्ण जोराने वापरूच देत नाही. मग सुटे पैसे खर्च कुठे होणार?

तर कबड्डी खेळणारा एक मुलगा मागच्या वर्षी पोटरीचं हाड मोडून आला, तेव्हा मी त्याच्याशी असा हिशेब केला. प्लास्टर सहा आठवडे. हुल्टमन यांच्याच गटाने १९९६ साली दाखवलं होतं की रोज फक्त तीन ग्रॅम घेतले तरी साधारण अठ्ठावीस दिवसांत स्नायू तितकाच भरतो, जितका वीस ग्रॅमने सहा दिवसांत. म्हणजे त्याने दुसऱ्या आठवड्यानंतर, त्याच्या डॉक्टरांना विचारून, रोज तीन ग्रॅम सुरू केले तर प्लास्टर कापायच्या दिवशी खिसा भरलेला असेल. पोट बिघडवणारे मोठे डोस नकोत. आणि प्लास्टरच्या आत, डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर, मांडी आवळून पाच सेकंद धरायची आणि सोडायची. झीज कमी करण्याची खरी आशा या आवळण्यात आहे, डब्यात नाही.

प्लास्टर निघाल्यावर तो घरून शिंप्याची टेप घेऊन आला. मांडीचा घेर पाहून खूश होऊ नकोस, असं मी त्याला सांगितलं. घेरात सूज असते, क्रिएटिनने ओढलेलं पाणी असतं. त्यापेक्षा खुर्चीवरून एका पायावर उठून बघ, चांगल्या पायाने किती वेळा जमतं आणि या पायाने किती वेळा. पहिल्या दिवशी चौदा आणि तीन निघाले. वहीत तेच लिहायला लावलं, दर रविवारी.

आणखी एक गोष्ट त्याच्या आईला सांगावी लागली. क्रिएटिन शरीरात मोडून क्रिएटिनिन बनतं, आणि मूत्रपिंडाची रक्ततपासणी तेच मोजते. भुकटी घेणाऱ्याचा आकडा मूत्रपिंड ठणठणीत असतानाही थोडा वर दिसू शकतो. म्हणून रक्त द्यायच्या आधीच डॉक्टरांना डब्याबद्दल सांगायचं. ज्याला मूत्रपिंडाचा आजार आहे त्याने डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही.