अग्निसंरक्षण पुस्तिकेची मराठी परिभाषा (खडकवासला, पुणे)

इमारतीतील हायड्रंट, स्प्रिंकलर आणि अग्निशमन पंपघर यांच्या वापराची व देखभालीची पुस्तिका मराठीत करताना लागणाऱ्या संज्ञा. अशी पुस्तिका अभियंत्यासाठी नसते. ती रात्रपाळीचा सुरक्षारक्षक, पंप पाहणारा ऑपरेटर, सोसायटीचा प्लंबर आणि सचिव यांच्या हातात पडते. अग्निशमन दलाची गाडी येईपर्यंतची मिनिटे या चौघांचीच असतात. म्हणून शब्द शुद्ध आहे की नाही यापेक्षा तो वाचून हात योग्य चाकाकडे जातो की नाही, ही या परिभाषेची कसोटी होय.

पार्श्वभूमी. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा ६ डिसेंबर २००८ पासून अमलात आला आणि त्याखालील नियम २००९ मध्ये झाले. यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी या अधिनियमाने मालक किंवा भोगवटादारावर टाकली. परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैमध्ये, सुस्थितीचे प्रमाणपत्र घेऊन सादर करावे लागते. व्यवहारात ते ‘बी फॉर्म’ म्हणूनच ओळखले जाते. खडकवासला हे गाव २०२१ मध्ये आणखी २२ गावांसह पुणे महापालिकेत आले. सिंहगड रस्त्यालगतच्या उंच इमारतींमुळे तिथे पंपघरे वाढली. पंपघरातील पाट्या व उत्पादकांची माहितीपत्रके मात्र इंग्रजीतच येतात.

शब्दांचे झरे. भाषा संचालनालयाचे (स्थापना १९६०) परिभाषा कोश हा पहिला झरा. ‘झडप’, ‘दाब’, ‘निचरा’ हे शब्द त्यांतही आहेत आणि शाळेच्या पुस्तकातही, त्यामुळे ते चालतात. दुसरा झरा अग्निशमन दलाचा. ‘बंब’ हा पोर्तुगीजमधून आलेला शब्द मुळात पंपाचाच आहे, पण मराठीत तो पूर्ण गाडीला लागू झाला. म्हणून पंपघरातील यंत्राला बंब म्हणता येत नाही. तांडेल हे पद दर्यावर्दींकडून दलात आले आणि टिकले. तिसरा झरा खडकवासल्याचा स्वतःचा, म्हणजे पाटबंधाऱ्याचा. धरणातून मुठेत किती विसर्ग सोडला हे इथला माणूस प्रत्येक पावसाळ्यात वाचतो, आणि १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुरानंतर तो शब्द या खोऱ्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पंपाची क्षमता सांगताना ‘विसर्ग: मिनिटाला २,२८० लिटर’ असे लिहिले तर ते लगेच कळते. ‘उपसा’, ‘पंपगृह’, ‘साठा’ हे शब्दही उपसा सिंचन योजनांमुळे रुळलेले आहेत. सक्शन आणि डिलिव्हरी हे दोन शब्द मात्र तसेच ठेवावेत, कारण पाइपवर रंगाने तेच लिहिलेले असतात.

यावरून एक नियम निघतो. वस्तूचे नाव पाटीवर असेल तेच, देवनागरीत लिहावे. क्रिया आणि अवस्था मात्र नेमक्या मराठीत सांगाव्यात. ‘जॉकी पंप’ला ‘दाबराखी पंप’ हे नाव सुचवले जाते. ते अर्थाने बरोबर आहे, पण समजुतीपुरते कंसात ठेवणे पुरे.

हायड्रंट. इथले धोके बहुतेक शब्दशः भाषांतराचे आहेत. ‘ब्रँच पाइप’ म्हणजे फाटा नव्हे. तो होजच्या टोकाला बसणारा, हातात धरायचा धातूचा नळा असतो आणि त्याच्या तोंडाशी नोझल असते. ‘शाखा नळी’ असे लिहिले की वाचणारा भिंतीवरचा फाटा शोधू लागतो. ‘लँडिंग व्हॉल्व्ह’ मधील लँडिंग म्हणजे जिन्याचा चौक. तिथे बसवलेला ६३ मिलिमीटरचा हा व्हॉल्व्ह आहे, उतरण्याशी त्याचा संबंध नाही. सर्वांत घातक चूक ‘फर्स्ट एड होज रील’ची. तिचे ‘प्रथमोपचार होज रील’ झाले की पेटी औषधांची वाटते. ‘प्राथमिक होज रील’ लिहावे आणि खाली एक ओळ द्यावी: आग लहान असताना एकट्या माणसाने वापरायची नळी.

इमारतीबाहेरचे ‘फायर ब्रिगेड इनलेट’ हे पाणी घेण्याचे नव्हे, पाणी आत देण्याचे तोंड आहे. बंबातील पाणी तिथून इमारतीच्या पाइपांत ढकलले जाते. ‘अग्निशमन दलाचा नळ’ या भाषांतराने दिशाच उलटते. ‘दलाने पाणी आत सोडण्याचे तोंड’ हे लांब आहे, पण निःसंदिग्ध आहे.

स्प्रिंकलर. ‘तुषार’ हा शब्द तुषार सिंचनामुळे तयार होता आणि काही अनुवादक तो वापरतात. इथे तो टाळलेला बरा. शेतात तुषार संच एका वेळी सगळीकडे पाणी उडवतो, आणि इमारतीतही तसेच होते हा गैरसमज मुळातच पसरलेला आहे. प्रत्यक्षात प्रत्येक स्प्रिंकलर स्वतःभोवतीच्या उष्णतेने स्वतंत्रपणे उघडतो. ज्याच्या भोवतीची हवा तापेल तोच उघडतो. काचेची लाल कुपी असेल तर ती ६८ अंश सेल्सिअसला फुटते. या काचेला ‘बल्ब’ न म्हणता ‘कुपी’ म्हणावे, नाहीतर बदलायला इलेक्ट्रिशियन बोलावला जातो. ‘रंगकामात कुपीला रंग लागू देऊ नये’ हे वाक्य पुस्तिकेत ठळक असावे, कारण रंगाच्या थराने ती उशिरा तापते.

‘हेड’ हा शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांनी येतो. छतावर तो स्प्रिंकलरचे तोंड आहे, तर पंपाच्या पाटीवर पाणी किती मीटर उंच ढकलले जाईल याचे माप आहे. पहिल्याला नुसते ‘स्प्रिंकलर’ म्हणावे, दुसऱ्याला ‘हेड (मीटर)’.

पंपघर. या नोंदीतील सर्वांत महत्त्वाचा भाग. पुस्तिकेतली चूक इथे सर्वांत महाग पडते आणि ती सहसा एकाच शब्दाची असते: ‘बंद’.

लॉगबुकमध्ये ‘डिझेल पंप बंद’ अशी नोंद सापडते तेव्हा तिचे तीन अर्थ होऊ शकतात. पंप ऑटोवर सज्ज आहे आणि गरज नसल्याने थांबलेला आहे. ही योग्य अवस्था. किंवा निवडस्विच ऑफवर फिरवलेला आहे. आग लागली तरी तो चालू होणार नाही. किंवा तो बिघडलेला आहे. मराठीत तिन्हींना ‘बंद’ म्हणतात, आणि व्हॉल्व्ह मिटलेला असेल तर त्यालाही. म्हणून ‘बंद’ फक्त व्हॉल्व्हसाठी राखावा, त्याची जोडी ‘उघडा’. पंपासाठी ‘चालू’, ‘ऑटोवर थांबलेला’, ‘ऑफ केलेला’ आणि ‘नादुरुस्त’ हे चार शब्द ठरवून द्यावेत. ‘व्हॉल्व्ह चालू कर’ हे बोलीत सर्रास चालते, पण पुस्तिकेत नको.

दुसरी चूक वाक्याची लय सांभाळण्याच्या मोहातून होते. जॉकी पंप दाब घसरला की आपोआप चालू होतो आणि दाब भरला की आपोआप थांबतो. मुख्य पंप आपोआप चालू होतो, पण तो हातानेच थांबवायचा असतो. आग विझण्यापूर्वी यंत्राने स्वतःहून थांबू नये म्हणून. अनुवादक दोन्हींना ‘आपोआप चालू-बंद’ लिहून मोकळा होतो आणि पंप थांबायची वाट पाहणारा ऑपरेटर तयार होतो. पाटीवर ‘आपोआप चालू होतो. हाताने थांबवा.’ अशी दोन वाक्ये हवीत.

उदाहरणादाखल ३० मीटर उंचीची इमारत घ्यावी. पाणी इतके वर चढवायला साधारण ३ किलो दाब लागतो. सर्वांत वरच्या हायड्रंटवर ३.५ किलो उरला पाहिजे आणि पाइपांच्या घर्षणासाठी अर्धा किलो धरला, तर पंपघराच्या गेजवर ७ किलो हवा. बोलीतला हा ‘किलो’ म्हणजे किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर. पुस्तिकेत एकदा तसे सांगून पुढे ‘किलो’च लिहावे. अशा इमारतीत जॉकी ६ ला चालू होऊन ७ ला थांबेल, विजेचा मुख्य पंप ५ ला आणि डिझेल पंप ४ ला चालू होईल, अशी मांडणी करता येते. प्रत्यक्ष आकडे त्या इमारतीच्या आराखड्यातूनच घ्यावेत.

याची चाचणी मराठीत अशी लिहावी: ‘चाचणीचा निचरा व्हॉल्व्ह हळूहळू उघडा आणि गेज पाहा. काटा ६ वर आला की जॉकी चालू होईल. निचरा वाढवा. जॉकी मिनिटाला १८० लिटरच पाणी देऊ शकतो, म्हणून दाब पुढे घसरेल. ५ वर मुख्य पंप चालू झाला पाहिजे. तो हाताने थांबवून त्याचा स्विच ऑफ करा. ४ वर डिझेल पंप चालू झाला पाहिजे. निचरा व्हॉल्व्ह बंद करा, डिझेल पंप हाताने थांबवा.’ यानंतरची ओळ स्वतंत्र परिच्छेदात असावी: ‘सर्व स्विच पुन्हा ऑटोवर ठेवा.’ मूळ माहितीपत्रकात ती अनेकदा आधीच्या वाक्याला जोडलेली असते आणि अनुवादात गळते. मग चाचणी केलेला पंपच पुढच्या आगीत ऑफ सापडतो.

बिघाडाची भाषा मात्र कारागिरांकडे तयार आहे. ‘एनआरव्ही धरत नाही’ म्हणजे पाणी मागे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. कुठेही पाणी वापरले नसताना जॉकी दर काही मिनिटांनी चालू होत असेल तर कारण हे तरी असते किंवा जमिनीखालील पाइपची गळती तरी. ‘पंपाने हवा घेतली’ म्हणजे सक्शनमध्ये हवा शिरली; पंप फिरतो, काटा हलत नाही. हे शब्दप्रयोग तसेच घ्यावेत.

अंक. गेजवरचे आकडे इंग्रजी वळणाचे असतात. मराठी एकचा घाट इंग्रजी नऊसारखा आणि मराठी पाचाचा इंग्रजी चारासारखा दिसतो. वर दिलेल्या मांडणीत पाच आणि चार यांची गल्लत म्हणजे दोन वेगळे पंप. भिंतीवरच्या पाटीवर दाबाचे आकडे गेजच्याच वळणात छापावेत आणि शेजारी अक्षरी लिहावेत. याबाबत एकमत नाही. सरकारी नमुन्यात देवनागरी अंक अपेक्षित असल्यास दोन्ही द्यावेत.

वायू व फेस यंत्रणा. निवासी पुस्तिकांत क्वचितच येतात. संज्ञा स्थिर झालेल्या नाहीत.