रक्तदाब कमी, तरीही अल्डोस्टेरॉन अधिक : बार्टर व गिटेलमन विकारांच्या ओळखीचा इतिहास

प्रस्तावना :

अधिवृक्क ग्रंथीतून स्रवणारे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक मूत्रपिंडाकडून सोडियम राखून ठेवते व त्याच्या मोबदल्यात पोटॅशियम बाहेर टाकते. 1955 मध्ये अमेरिकेतील जेरोम कॉन यांनी या संप्रेरकाच्या अतिरेकाचा विकार वर्णन केला. त्यात रक्तातील पोटॅशियम घटते, रक्त अल्कधर्मी होते आणि मीठ साठल्याने रक्तदाब वाढतो. यानंतर काही वर्षांतच पोटॅशियम कमी व अल्डोस्टेरॉन अधिक, परंतु रक्तदाब मात्र वाढलेला नाही, असे रुग्ण समोर आले. या विसंगतीचा उलगडा कसा झाला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

1962 मधील दोन रुग्ण :

फ्रेडरिक बार्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1962 मध्ये दोन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. एक पाच वर्षांचा मुलगा होता, तर दुसरा पंचवीस वर्षांचा तरुण. दोघांच्याही मूत्रपिंडात रेनिन तयार करणाऱ्या पेशींची वाढ झालेली आढळली. कॉन यांच्या विकारात ग्रंथी स्वतःहून अल्डोस्टेरॉन स्रवते, त्यामुळे रेनिन दबलेले असते. येथे मात्र रेनिनची प्रणालीच सतत जागृत होती. अँजिओटेन्सिन टोचूनही या रुग्णांचा रक्तदाब अपेक्षेप्रमाणे चढत नव्हता. त्यामुळे रक्तवाहिन्याच अँजिओटेन्सिनला दाद देत नाहीत, हेच मूळ कारण असावे, असा अर्थ बार्टर यांनी लावला. निरीक्षण अचूक होते. कार्यकारणभावाचा क्रम मात्र पुढे बदलावा लागला.

दोषाचे स्थान :

1966 मध्ये हिलेल गिटेलमन व सहकाऱ्यांनी कमी पोटॅशियमसोबत मॅग्नेशियमही कमी असलेला एक कौटुंबिक विकार वर्णन केला. तो पुष्कळ काळ बार्टर विकाराचाच प्रकार मानला जाई. 1996 मध्ये येल विद्यापीठातील रिचर्ड लिफ्टन यांच्या गटाने जनुकीय दोष शोधले, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. बार्टर विकारात हेन्लेच्या पाशाच्या जाड चढत्या भागात मीठ शोषले जात नाही, तर गिटेलमन विकारात त्यापुढील दूरस्थ नलिकेत. पहिला विकार म्हणजे जन्मापासून फ्युरोसेमाईड घेत असल्यासारखी अवस्था होय. दुसऱ्याचे साम्य थायझाईड या मूत्रल औषधाशी आहे.

मीठ वाहून गेल्याने शरीरातील द्रव घटतो, म्हणून रेनिन व अल्डोस्टेरॉन वाढतात. पुढील नलिकेत अधिक सोडियम पोहोचते, ते शोषताना पोटॅशियम गमावले जाते. अर्थात अल्डोस्टेरॉन येथे कारण नसून परिणाम आहे. मिठाची भरपाई होत नसल्याने रक्तदाब वाढत नाही.

भेद करण्याची रीत :

उदाहरणादाखल, बेंबळीसारख्या गावातील बावीस वर्षांची एक तरुणी अशक्तपणा व पायात गोळे येण्याची तक्रार घेऊन आली, अशी कल्पना करू. पोटॅशियम 2.6, बायकार्बोनेट 31, रक्तदाब 100/64. रक्तदाब वाढलेला नसल्याने कॉन विकाराची शक्यता मागे पडते. पुढचा प्रश्न उलटीचा. सतत उलट्या होत असतील तर मूत्रातील क्लोराईड साधारणतः 20 मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटरपेक्षा कमी असते. या तरुणीत ते 85 आहे, म्हणजे मीठ मूत्रपिंडातूनच जात आहे. छुपेपणाने मूत्रल औषध घेतल्यासही असेच दिसते. परंतु औषधाचा अंमल ओसरताच क्लोराईड उतरते, म्हणून वेगवेगळ्या दिवशी तपासणी करावी व मूत्रात औषधाचा शोध घ्यावा.

तेथे काही न आढळल्यास मॅग्नेशियम व मूत्रातील कॅल्शियम पाहावे. थायझाईडप्रमाणेच गिटेलमन विकारात मूत्रातील कॅल्शियम घटते, बार्टर विकारात ते सामान्य किंवा अधिक असते. 1992 मध्ये बेटिनेली व सहकाऱ्यांनी मूत्रातील कॅल्शियम व क्रिएटिनिन यांच्या रेणुभार-गुणोत्तरावर हा भेद आधारला, 0.2 किंवा त्याहून कमी गुणोत्तर गिटेलमनकडे निर्देश करते. वयही साहाय्यक ठरते. बार्टर विकार बहुधा गर्भावस्थेत, बाल्यात वा बालपणी प्रकटतो, तर गिटेलमन किशोरवयात किंवा त्यानंतर.

या कसोटीला मर्यादा आहेत. क्लोराईड वाहिनीच्या दोषामुळे होणारा बार्टरचा एक प्रकार गिटेलमनसारखाच दिसू शकतो. तेथे जनुक तपासणीच निर्णायक ठरते. हे विकार बहुतांशी अप्रभावी आनुवंशिकतेचे असल्याने आईवडील दोघेही वाहक असावे लागतात. मामाच्या मुलीशी विवाहाची प्रथा असलेल्या प्रदेशात कुटुंबाचा नातेसंबंध विचारणे म्हणूनच निदानाचा भाग ठरतो.

निष्कर्ष :

अल्डोस्टेरॉनचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. त्याच्या शेजारी रक्तदाब, रेनिन व मूत्रातील क्लोराईड ठेवले, तरच ते संप्रेरक रोग घडवीत आहे की मीठ गमावणाऱ्या शरीराला सावरीत आहे, हे कळते. 1962 च्या दोन रुग्णांपासून 1996 च्या जनुकांपर्यंतचा प्रवास हा याच प्रश्नाच्या उत्तराचा प्रवास आहे.