चौदा वाचने आणि एक आठवडा

उतारा वीस वेळा वाचण्यापेक्षा दहाच वेळा वाचावा, मधूनमधून न पाहता म्हणून पाहावा आणि अडेल तेथेच पुस्तक उघडावे, असे फ्रान्सिस बेकनने १६२० मध्येच सुचवले होते. याची आम्हांला सर्वांत बोलकी वाटणारी परीक्षा मात्र रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केली. एका गटाने पाच-पाच मिनिटांच्या चार सत्रांत छोटा उतारा सरासरी चौदा वेळा वाचला. दुसऱ्याने पहिल्या सत्रात तीन-चारदा वाचून उरलेल्या तिन्ही सत्रांत आठवेल ते कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी वाचणाऱ्यांना ८३ टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्याने वाचणाऱ्यांकडे ४० उरले, लिहिणाऱ्यांकडे ६१. आणि गंमत अशी, की आपल्या लक्षात राहील हा भरवसा वाचणाऱ्यांनाच अधिक होता!

टिपणे पुन्हा चाळताना आपण ओळख पटण्यालाच आठवणे समजतो. वाक्य समोर असते म्हणून सोपे वाटते; परीक्षेत ते समोर नसते.

नवशिक्याने एकच पान वाचून मिटावे, आठवेल ते लिहावे, मग ताडून पाहून सुटलेले वेगळ्या शाईने भरावे. ताडणे टाळले, तर चूकच पक्की होण्याचा धोका. काहीच आठवेना, तर परिच्छेदावर यावे. दोन दिवसांनी, आधी न वाचता, पुन्हा लिहावे. पहिला कागद केविलवाणा दिसतो, आणि पुष्कळजण तेथूनच टिपणांकडे परततात.