‘यादृच्छिक भार’ या शब्दावरील तळटीप

* यादृच्छिक भार : न्यूरल नेटवर्कमधील जोडण्यांना सुरुवातीला दिलेल्या, चिठ्ठ्या टाकून काढाव्यात तशा लहान, असमान संख्या. समजा, दोन इनपुटपैकी नेमके एकच १ असताना १ हे उत्तर द्यायचे आहे. मधल्या थरात दोन न्यूरॉन आहेत आणि सगळे भार ०.५ ठेवले. दोघांचे आउटपुट सारखे येते, चुकीतला वाटा सारखा ठरतो, म्हणून दुरुस्तीही सारखीच होते. हजार फेऱ्यांनंतरही दोघांचे भार तंतोतंत जुळतात, हीच सारखेपणा न मोडल्याची खूण. प्रत्यक्षात काम एकाच न्यूरॉनचे होते, आणि एकट्याला हे कोडे सुटत नाही : इनपुटची बेरीज वाढली की त्याचे उत्तर एकाच दिशेने सरकते, इथे मात्र ते चढून पुन्हा उतरायला हवे. रूमेलहार्ट, हिंटन व विल्यम्स यांनी १९८६च्या निबंधात याचसाठी यादृच्छिक भारांनी सुरुवात केली.

ड्रॉपआउटमध्येही यादृच्छिकता असते, पण ती शिकवणीच्या प्रत्येक फेरीत : काही न्यूरॉन तेवढ्यापुरते बंद ठेवतात. त्यामुळे सारखेपणा मोडू शकतो. तरी मूळ हेतू वेगळा, न्यूरॉनांनी एकमेकांवर विसंबू नये हा. वापराच्या वेळी सर्व न्यूरॉन चालू असतात. — संपा.