व्हॉल्यूम प्रोफाइल: बाजाराला पटलेला भाव कसा ओळखतात?

कोणत्या भावाला किती शेअर्सची उलाढाल झाली, हे व्हॉल्यूम प्रोफाइल आडव्या पट्ट्यांनी दाखवतो. समजा, दिवसभरात १ लाख शेअर्सचे व्यवहार झाले. त्यातले ४० हजार १०० रुपयांना झाले. सर्वात लांब पट्टी तीच, म्हणून १०० हा 'पॉइंट ऑफ कंट्रोल'. आता शेजारच्या दोन भावांपैकी जास्त उलाढालीचा भाव आधी जोडत साधारण ७० टक्के गाठायचे. १०१ चे २५ हजार धरून ६५ हजार झाले. पुढे १०२ ला १० हजार, ९९ ला १५ हजार. म्हणून ९९ घेतला. ९९ ते १०१ हा 'व्हॅल्यू एरिया'.

मात्र हा भाव त्या दिवसापुरता पटलेला असतो, कंपनीचे मूल्य नव्हे. तिमाही निकालानंतर शेअर १०८ ला उघडून तिथेच मोठी उलाढाल होऊ लागली, तर तो १०० वर परतेल म्हणून विकणारा अडकू शकतो.