वेगळा दिसणारा तीळ: ‘कुरूप पिल्लू’ ही खूण घरी कशी तपासावी?

अंगावर तीळ नाही असा माणूस क्वचितच सापडतो आणि बहुतेक तीळ निरुपद्रवी असतात. पण मेलानोमा नावाचा त्वचेचा कर्करोग सुरुवातीला साध्या तिळासारखाच दिसू शकतो. तो लवकर ओळखण्यासाठी ‘कुरूप पिल्लू’ ही खूण उपयोगी पडते.

ही खूण म्हणजे काय?

एका माणसाच्या अंगावरचे तीळ साधारण एकमेकांसारखे असतात. कुणाचे लहान, गोल आणि काळे, तर कुणाचे फिकट तपकिरी आणि थोडे उंचवट्याचे. फ्रान्समधील त्वचारोगतज्ज्ञ ग्रोब आणि बोनेरांदी यांनी 1998 मध्ये असे मांडले की, या सगळ्या भावंडांत न शोभणारा जो एखादा तीळ असेल, तो आधी तपासावा. बदकांच्या पिलांतल्या वेगळ्या पिल्लाची गोष्ट सर्वांना माहीत आहे, त्यावरून हे नाव पडले.

म्हणून ‘हा तीळ काळा आहे का, मोठा आहे का?’ एवढेच पाहून भागत नाही. ‘माझ्या बाकीच्या तिळांपेक्षा हा वेगळा आहे का?’ हे पाहा. सगळे तीळ गडद असतील तर एकच लालसर किंवा गुलाबी तीळसुद्धा ‘कुरूप पिल्लू’ ठरतो.

आपल्याकडे तळपाय का पाहावेत?

भारतात मेलानोमा दुर्मीळ आहे. पण होतो तेव्हा तो बऱ्याचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो. या जागी होणाऱ्या मेलानोमाचा उन्हाशी फारसा संबंध नसतो.

वरोरा परिसरात आनंदवनामुळे चट्टा दिसला की तो बधिर आहे का, हे पाहण्याची सवय अनेकांना आहे. ती सवय चांगली आहे, पण इथे ती पुरत नाही. मेलानोमाचा डाग सहसा बधिर नसतो आणि सुरुवातीला दुखतही नाही. त्यामुळे ‘स्पर्श कळतो, दुखत नाही, म्हणजे काही नाही’ असे समजू नका.

दुसरी गफलत शब्दामुळे होते. तळपायाच्या घट्ट्याला आपण ‘कुरूप’ म्हणतो. काळा डाग दिसला की ‘कुरूप झाले’ किंवा ‘काटा मोडला’ म्हणून तो कापला जातो. साधे कुरूप दाबाच्या जागी होते आणि त्वचेच्याच रंगाचे किंवा पिवळसर असते. काटा किंवा मार लागून साकळलेले रक्त त्वचेबरोबर काही आठवड्यांत निघून जाते. जो डाग जात नाही, उलट पसरतो, तो दाखवायला हवा.

कसे तपासावे?

महिन्यातून एकदा, आंघोळीनंतर, उजेडात पाहा. पाठ आणि तळपाय घरच्या माणसाला पाहायला सांगा. तुलना शक्यतो त्याच भागातल्या तिळांशी करा. चेहऱ्यावर अनेकांना बारीक काळ्या पुटकुळ्या येतात. त्या एकमेकींसारख्या असतात, त्यांचा गट वेगळा धरा. वेगळा वाटलेल्या तिळाशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढून ठेवा.

समजा, 52 वर्षांच्या शेतकऱ्याच्या अंगावर चौदा तीळ आहेत. तेरा तीळ हात आणि पाठीवर आहेत, सगळे गोल, एकसारखे काळे, 3 ते 4 मिलिमीटरचे. चौदावा टाचेवर, 9 मिलिमीटरचा, कडा वाकडीतिकडी, अर्धा काळा, अर्धा तपकिरी, वर्षभरात वाढलेला. दुखत नसला तरी हाच दाखवायचा.

नखांनाही हाच न्याय लावा. सावळ्या त्वचेत अनेक नखांवर फिकट उभ्या रेषा असणे सामान्य आहे. पण एकाच नखावर नवी, रुंदावत जाणारी काळी रेषा आली किंवा काळेपणा नखाशेजारच्या कातडीवर उतरला तर थांबू नका. गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्याची जखम आधी फुटबॉल खेळताना लागलेला मार समजली गेली. 1977 मध्ये नखाखालचा मेलानोमा असल्याचे कळले. 1981 मध्ये, वयाच्या 36 व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

या खुणेच्या मर्यादा

अंगावर एकदोनच तीळ असतील तर तुलनाच होत नाही. तेव्हा बदल महत्त्वाचा: नवा आलेला, वाढणारा, रंग बदलणारा किंवा आपोआप रक्त येणारा डाग दाखवा. उलट, वेगळा दिसणारा प्रत्येक तीळ कर्करोग नसतो, बहुतेक नसतातच. ही खूण निदान करत नाही, आधी कोणता तीळ दाखवायचा एवढेच सांगते.

डॉक्टर काय करतात?

वरोऱ्याच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवून चंद्रपूर किंवा नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील त्वचारोग विभागाची चिठ्ठी घेता येते. तेथे डर्मोस्कोप या भिंगातून तीळ पाहतात. शंका राहिली तर जागा बधिर करून शक्यतो पूर्ण तीळ काढतात आणि तपासणीसाठी पाठवतात.

तोवर तिळाला चुना लावणे, दोरा बांधणे, जाळणे किंवा लेझरने काढून घेणे टाळा. तुकडा तपासला गेला नाही तर वरचा रंग जातो, पण आत कर्करोग असला तर तो वाढत राहतो. मेलानोमा किती खोल गेला आहे, यावर बरेच अवलंबून असते. खोली 1 मिलिमीटरपेक्षा कमी असताना बहुतेक रुग्ण केवळ शस्त्रक्रियेने बरे होतात.